होडीत चाललात तर होडी कुठे जाते?

वारा पडलेला आहे, पाणी आरशासारखं आहे आणि एक छोटी लाकडी होडी दोर सोडून मोकळी तरंगते आहे. सुकाणूजवळ बसलेला माणूस उठतो, नाळेपर्यंत चालत जातो आणि थांबतो. काठावर उभं राहून पाहणाऱ्याला दिसतं की माणूस पुढे गेला तशी होडी मागे सरकली. वल्हं पाण्यात पडलेलं नाही, कुणी ढकललेलं नाही, तरी होडी हलली. किती हलली? माणूस थांबल्यावर ती का थांबली? आणि खरोखरच थांबली का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहेत. तिसऱ्याचं उत्तर शाळेत सहसा सांगत नाहीत, आणि मला तेच सगळ्यांत मजेशीर वाटतं. पण तिथे पोचायला आधीचा हिशेब मांडायला हवा.

सोपे आकडे घेऊ. होडीचं वस्तुमान १२० किलो, माणसाचं ६०. माणूस होडीत ३ मीटर चालतो, होडीच्या मध्यापासून दीड मीटर मागे असलेल्या जागेपासून दीड मीटर पुढे असलेल्या जागेपर्यंत. होडीचं स्वतःचं वस्तुमानकेंद्र तिच्या बरोबर मध्यावर आहे असं धरू.

वस्तुमानकेंद्र म्हणजे काय, हे सी-सॉवर बसलेल्या मुलांना न शिकवता कळतं. जड मूल मध्याच्या जवळ बसलं आणि हलकं लांब बसलं, की फळी समतोल राहते. माणूस आणि होडी यांचंही तसंच आहे. होडी दुप्पट जड आहे, म्हणून दोघांचं मिळून जे वस्तुमानकेंद्र असेल ते माणसापेक्षा होडीच्या मध्याला दुपटीने जवळ पडणार. माणूस मध्यापासून दीड मीटर मागे असताना हा बिंदू मध्यापासून अर्धा मीटर मागे असतो. माणूस पुढच्या जागी पोचला की तोच बिंदू मध्याच्या पुढे अर्ध्या मीटरवर जातो. म्हणजे होडीच्या फळ्यांवर मोजलं तर वस्तुमानकेंद्र १ मीटर पुढे सरकलं.

पण तळ्याच्या काठावरून मोजलं तर ते सरकायला नको. का, ते पुढे बघू. तूर्त एवढं मान्य केलं की उत्तर आपोआप हाती येतं. एखादा बिंदू होडीच्या सापेक्ष १ मीटर पुढे जातो आणि काठाच्या सापेक्ष जागचा हलत नाही, तर होडीलाच १ मीटर मागे जावं लागेल. माणूस होडीत ३ मीटर चालला, होडी १ मीटर मागे आली, म्हणजे काठाच्या हिशेबाने तो फक्त २ मीटर पुढे गेला. माणसाचे ६० किलो गुणिले २ मीटर आणि होडीचे १२० किलो गुणिले १ मीटर. दोन्ही गुणाकार १२०.

वस्तुमानकेंद्र जागचं का हलत नाही? चालताना माणूस पायाने होडीचा तळ मागे रेटतो आणि तळ त्याच्या पायाला तेवढ्याच बळाने पुढे रेटतो. ही दोन्ही बळं माणूस आणि होडी यांच्या आपसातली आहेत. एकाला पुढे जेवढा संवेग मिळतो तेवढाच दुसऱ्याला मागे मिळतो आणि बेरीज शून्यच राहते. वजन खाली ओढतं, पाणी वर उचलून धरतं, पण आडव्या दिशेने बाहेरचं कुणी ढकलत नसेल तर सुरुवातीला स्थिर असलेलं वस्तुमानकेंद्र स्थिरच राहणार. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम मांडले आणि त्यांच्या पाठोपाठ काही उपसिद्धांत दिले. त्यांतला चौथा हाच आहे: वस्तूंच्या आपसातल्या क्रियांनी त्यांच्या सामाईक गुरुत्वकेंद्राची स्थिती किंवा गती बदलत नाही.

रस्त्यावर चालताना असं काही जाणवत नाही, कारण तिथे होडीच्या जागी पृथ्वी असते. आपण तिलाही मागे रेटतो, पण तिच्या वस्तुमानापुढे आपले ६० किलो म्हणजे काहीच नाही. होडीत मात्र समोरचा पक्ष आपल्याच तोलाचा असतो. शिवाय पाण्याची एक खासियत इथे कामाला येते. जमिनीवर ठेवलेलं कपाट थोड्याशा धक्क्याने हलत नाही. जमिनीचं घर्षण त्याला धरून ठेवतं. पाणी स्थिर वस्तूला असं धरून ठेवत नाही. कितीही हलका धक्का द्या, तरंगणारी वस्तू हळूहळू का होईना, हलू लागते. धक्क्याला लागलेली भलीमोठी बोटही एकटा माणूस हाताने रेटून दूर करू शकतो, फक्त त्याला घाई असून चालत नाही.

या हिशेबातून निघणारी एक गोष्ट अनेकांना पटत नाही. माणूस थांबला त्या क्षणी होडीही थांबायला हवी. पुष्कळांना वाटतं की एकदा मागे निघालेली होडी आपल्या वेगाने मागेच जात राहील. पण थांबणं हीसुद्धा क्रियाच आहे. थांबताना माणूस पाय पुढे रोवतो, होडीचा तळ पुढे रेटतो, आणि निघताना होडीला जो मागचा वेग दिला होता तो नेमका काढून घेतो. तो चालला काय, धावला काय, मध्ये उभा राहून इकडेतिकडे बघत बसला काय, अखेर ३ मीटर पुढे पोचला की होडी १ मीटर मागे आलेली असणार. वेगाचा संबंध नाही. निदान कागदावर तरी.

आता हीच होडी धक्क्याजवळ आणू. नाळ धक्क्यापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि दोर बांधलेला नाही. मागे बसलेला उतारू उठून घाईघाईने नाळेकडे येतो. तो पोचेपर्यंत होडी मीटरभर मागे गेलेली असते आणि अर्ध्या मीटरची फट दीड मीटरची झालेली असते. त्याने तिथूनच उडी मारली तर आणखी एक गफलत होते. समजा त्याच्या पायांनी त्याला आडव्या दिशेने सेकंदाला २ मीटर वेग दिला. संवेगाचा मेळ बसायचा तर होडीला मागे सेकंदाला १ मीटर वेग मिळायला हवा. उतारूच्या वाट्याला १२० जूल ऊर्जा आली आणि होडीच्या वाट्याला ६० जूल. पायांनी १८० जूल खर्च केले, त्यांतला तिसरा हिस्सा होडीला मागे पळवण्यात गेला. हेच १८० जूल पक्क्या जमिनीवर खर्च केले असते तर त्याला सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर वेग मिळाला असता. जमिनीवर जी उडी मीटरभर लांब पडते ती होडीतून ८० सेंटिमीटरच पडते. उडी मारणाऱ्याचा अंदाज मात्र आयुष्यभर जमिनीवर घडलेला असतो. अनुभवी नावाडी आधी दोर खुंटाला अडकवतो आणि मगच उतारूंना उठू देतो, ते यासाठी. दोर ताणला गेला की धक्का होडीला धरून ठेवतो, होडी आणि माणूस या जोडीवर बाहेरचं आडवं बळ लागतं आणि वरचा सगळा हिशेब बाद होतो. उतारूसाठी ते चांगलंच.

हिशेब उलटा वापरला तर त्यातून होडीचा काटाही तयार होतो. आपलं वजन माहीत आहे, होडीत किती चाललो ते माहीत आहे, होडी किती सरकली ते काठावरच्या खुणेवरून मोजलं, तर होडीचं वस्तुमान काढता येतं. आपण काठाच्या सापेक्ष जेवढे पुढे गेलो त्याला होडी जेवढी मागे गेली त्याने भागायचं आणि आपल्या किलोंनी गुणायचं. २ भागिले १, गुणिले ६०, बरोबर १२०. तापोळ्याला शिवसागर जलाशयाच्या काठी भल्या सकाळी वारा पडलेला असताना हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. आणि तो नीट केला तर एक घोळ समोर येतो. चटकन चालून केलेल्या मोजमापात एक उत्तर मिळतं, रमतगमत चालून केलेल्या मोजमापात दुसरंच. वेगाचा संबंध नाही म्हणालो होतो, पण प्रत्यक्षात वेगाचा संबंध दिसतो.

तो कुठून आला? पाण्यातून. आडव्या दिशेने बाहेरचं कुणी ढकलत नाही, हे आपण गृहीत धरलं होतं. स्थिर होडीच्या बाबतीत ते खरं आहे. पण होडी हलू लागली की पाणी तिच्या अंगाला घासतं आणि तिला विरोध करतं. हा विरोध लहान असतो, पण तो बाहेरचा असतो, आणि बाहेरच्याने हात लावला की वस्तुमानकेंद्र जागचं न हलण्याची हमी संपते.

समजा होडी सावकाश चालली आहे आणि पाण्याचा विरोध तिच्या वेगाच्या प्रमाणात आहे: वेग दुप्पट तर विरोध दुप्पट. आपला माणूस होडीत सेकंदाला १ मीटर वेगाने चालतो आहे, म्हणजे होडी सुरुवातीला सेकंदाला ३३ सेंटिमीटरने मागे जाते. त्या वेगाला पाण्याचा विरोध ३ न्यूटन आहे असं धरू, साधारण ३०० ग्रॅम वजन हातावर पेलायला लागतं तेवढं बळ. फार काही नाही. चालायला ३ सेकंद लागतात. तेवढ्यात होडी मीटरभर नव्हे, सुमारे ९३ सेंटिमीटर मागे जाते. पाण्याने ७ सेंटिमीटर खाल्ले.

मजा पुढे आहे. होडी मागे जात असताना पाणी तिला कुठल्या दिशेने ढकलत होतं? पुढे. ते तीन सेकंद बाहेरून पुढच्या दिशेने संवेग येत होता आणि माणूस-होडीच्या सामाईक खात्यात जमा होत होता. माणूस थांबल्यावर त्याने होडीला दिलेला मागचा वेग काढून घेतला, पण पाण्याने दिलेला पुढचा संवेग खात्यात शिल्लक आहे. म्हणून होडी थांबत नाही. ती माणसाला घेऊन पुढे निघते, आधी गेली त्याच्या उलट दिशेने. आपल्या आकड्यांत हा वेग सेकंदाला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येतो. मुंगी धावावी तसा.

मग ती कुठे थांबेल? विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तर याचं उत्तर फार देखणं आहे. होडी वेगात असेल तर पाणी जोराने ढकलतं, पण प्रत्येक सेंटिमीटर पार करायला वेळ कमी लागतो. हळू असेल तर पाणी हळू ढकलतं, पण वेळ जास्त मिळतो. दोन्हींचा गुणाकार तेवढाच. म्हणजे होडी कुठल्याही वेगाने सरको, सरकलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे पाणी ठरावीकच संवेग देतं किंवा घेतं. मागे जाताना ९३ सेंटिमीटरचा संवेग जमा झाला. पुढे येताना तो सगळा संपेपर्यंत होडी चालत राहणार आणि त्यासाठी तिला पुन्हा ९३ सेंटिमीटरच यावं लागणार. होडी बरोबर सुरुवातीच्या जागी येऊन थांबते.

हे लगेच होत नाही. आपल्या आकड्यांनुसार निम्मं अंतर परत यायला साधारण १४ सेकंद लागतात आणि एका मिनिटात जेमतेम ५ सेंटिमीटर उरतात. मग उरलेलं अंतर अधिकाधिक रेंगाळत पार होतं. पण अखेर चित्र असं असतं: होडी मूळ खुणेवर आणि माणूस तिच्यात ३ मीटर पुढे. म्हणजे दोघांचं वस्तुमानकेंद्र काठाच्या सापेक्ष १ मीटर पुढे गेलेलं आहे. जे हलायला नको म्हणून सगळा हिशेब सुरू केला तेच हललं. नियम मोडला का? नाही. पाण्याने बाहेरून बळ लावलं आणि त्या बदल्यात पाण्याला उलट दिशेने संवेग मिळाला. तो पाण्यातून पुढे तळाला आणि काठांना पोचला. माणूस, होडी, पाणी आणि पृथ्वी असे सगळे एकत्र मोजले तर बेरीज जिथल्या तिथे आहे. शाळेतलं १ मीटरचं उत्तर चुकीचं नाही. पाणी आपला हिशेब मांडायला लागण्याआधीच्या थोड्या सेकंदांपुरतं ते बरोबर आहे, एवढंच.

आता होडीच्या काट्यातला घोळही सुटतो. माणूस ३ सेकंदांत चालला आणि थांबताक्षणी ९३ सेंटिमीटर मोजले, तर होडीचं वस्तुमान १३४ किलो येतं, खऱ्यापेक्षा १४ किलो जास्त. तेच अंतर त्याने १० सेकंद लावून पार केलं तर होडी ७९ सेंटिमीटरच सरकते आणि उत्तर १६९ किलो येतं. आणि थांबल्यावर टेप शोधण्यात त्याने अर्धं मिनिट घालवलं तर होडी बरीचशी परत आलेली असते आणि मग येणारं उत्तर हसण्याजोगं असतं. वेगवेगळ्या चालीने करून बघायचं. उत्तरं जुळत नसतील तर पाणी मध्ये पडतं आहे हे समजायचं, आणि सगळ्यांत झपाट्याच्या चालीचं उत्तर त्यातल्या त्यात खरं मानायचं. तेही थोडं जास्तच येईल, कारण होडी हलताना आसपासचं थोडं पाणी सोबत ओढते आणि तेवढी ती जड वागते. लांबट होडी लांबीच्या दिशेने जाते तेव्हा हे पाणी थोडंच असतं, आडवी सरकते तेव्हा बरंच.

होडी परत येते हे तळ्यावर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, याचं कारण उघड आहे. सेकंदाला चार-पाच सेंटिमीटरची गती वाऱ्याच्या एका झुळकीने झाकली जाते. पाण्याला किंचित ओढ असेल तरी तेच. शिवाय पाण्याचा विरोध नेहमी वेगाच्या साध्या प्रमाणात नसतो. होडी जरा जोरात गेली की मागे भोवरे उठतात आणि विरोध वेगाच्या वर्गाने वाढू लागतो: वेग दुप्पट तर विरोध चौपट. मग प्रत्येक सेंटिमीटरचा भाव एकच राहत नाही. वेगात पार केलेला सेंटिमीटर महाग पडतो आणि सावकाश पार केलेला स्वस्त. मागे जाताना होडी वेगात होती, त्यामुळे पुढचा संवेग भरपूर जमा झाला. परत येताना ती सावकाश असते, प्रत्येक सेंटिमीटरमागे थोडाच संवेग खर्च होतो, म्हणून तो संपवायला तिला अधिक अंतर यावं लागतं. अशा वेळी होडी मूळ खुणेवर न थांबता तिच्या पुढेही जाऊ शकते. माणूस झपाट्याने नाळेकडे गेला आणि मग रमतगमत सुकाणूकडे परतला तर तो होता तिथेच बसलेला, पण होडी थोडी पुढे आलेली, असंही होऊ शकतं. वल्ह्याशिवाय होडी चालवायची ही रीत आहे खरी, पण एवढ्या कष्टात माणूस काठाकाठाने चालत आधी पोचेल.

पाणीच नसेल तर? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं वस्तुमान सुमारे ४२० टन आहे. ७० किलोचा अंतराळवीर त्यात ४० मीटर तरंगत गेला तर स्थानक उलट दिशेने ७ मिलिमीटरच्या आसपास सरकतं. तिथे अंगाला घासणारं पाणी नाही, म्हणून थोड्या वेळापुरता तरी शाळेतलाच हिशेब चालतो. अंतराळवीर परत येईपर्यंत ते ७ मिलिमीटर तसेच राहतात.

आणि पाणी उथळ असलं, होडीचा तळ वाळूला टेकला असला, तर याच्या अगदी उलट टोक गाठलं जातं. वाळू पाण्यासारखी नाही. ती स्थिर होडीला धरून ठेवते. समजा होडी सरकवायला २०० न्यूटन बळ लागतं. माणूस एका सेकंदात सावकाश सेकंदाला १ मीटर वेग घेतो तेव्हा तो तळाला ६० न्यूटननेच मागे रेटतो. होडी ढिम्म हलत नाही, वाळूमार्फत सगळा संवेग पृथ्वीला जातो, आणि माणसाला रस्त्यावर चालल्यासारखंच वाटतं. पण त्याने झटक्यात पाऊल उचललं, एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी वेळात सेकंदाला दीड मीटर वेग घेतला, तर रेटा २७० न्यूटनच्या पुढे जातो आणि होडी काही सेंटिमीटर मागे घसरते. मग तो पुढे जाऊन हळूहळू थांबला तर होडी तेवढी मागे आलेलीच राहते. तिला परत नेणारं पाणी तिथे नाही. नाळ वाळूत रुतलेली होडी मागे काढायची असेल तर निघताना हिसका द्यायचा, थांबताना सबुरीने थांबायचं, आणि सुकाणूकडे परतताना पाय न आपटता यायचं. उलट केलं, सावकाश निघून नाळेशी धाडकन थांबलं, तर होडी वाळूत आणखी खोल जाते.